घरात रोकड किती ठेवावी?

नांदेड जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याचे सोयाबीन-विक्रीचे १,८०,००० रुपये बँकेत जमा आहेत आणि ते वर्षभर सारख्या गतीने खर्च व्हावयाचे आहेत, असे समजू. व्याज द.सा.द.शे. ३, बँकेची एक खेप, बसभाडे व बुडालेली मजुरी धरून, ७५ रुपयांस पडते. अर्थशास्त्रज्ञ बॉमॉल यांनी १९५२ साली अशा खर्चास 'दलाली' म्हटले.

वारंवार जावे तर दलाली वाढते. एकदम मोठी रक्कम काढावी तर व्याज बुडते. बॉमॉल यांचा नियम असा:

एका वेळची उचल = √(२ × दलाली × वार्षिक खर्च ÷ व्याजदर)

येथे √(२ × ७५ × १,८०,००० ÷ ०.०३) = ३०,००० रुपये, म्हणजे सहा खेपा. दलाली ४५० रुपये; हाती सरासरी १५,००० राहिल्याने बुडालेले व्याजही ४५०; एकूण ९००. तीन खेपा केल्या काय किंवा बारा केल्या काय, एकूण भुर्दंड १,१२५ रुपयांवर जातो.

वर्गमुळामुळे खर्च चौपट झाला तरी रोकड दुप्पटच लागते. गावातच पैसे मिळू लागून दलाली चतुर्थांश झाली, तर उचल निम्मी, १५,००० होते. मात्र पेरणीच्या दिवसांत खर्च एकदम येतो. तेथे हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही.