समुद्राला किती दारं? कुवेत ते चेन्नई : एका जहाजाचा नकाशा



महासागर, समुद्र, आखात, उपसागर, सामुद्रधुनी, चॅनल या सहा व्याख्या मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. पण कोरा नकाशा समोर ठेवून "यातलं आखात दाखव" म्हटलं की बोट कुठेही पडतं. म्हणून मी व्याख्येआधी फळ्यावर चित्र काढतो आणि एकच प्रश्न विचारतो : या पाण्याला किती दारं आहेत आणि ती केवढी आहेत?

कुवेतहून एक जहाज चेन्नईला निघालंय असं मुलांना सांगा. जमीन तपकिरी खडूने काढा, पाण्याची जागा कोरी ठेवा आणि जहाजाची वाट तुटक रेषेने दाखवत चला.

आखात : आधी एक लांबट पिशवी काढा, तिचं तोंड मात्र अरुंद ठेवा. पाणी आत आहे, जवळजवळ सगळीकडून जमीन आहे आणि दार एकच, तेही लहान. हे इराणचं आखात, जवळपास 1000 किमी लांब. 'आखाती देश' हा शब्द मुलांनी घरी ऐकलेला असतो. ते देश याच पिशवीच्या काठावर आहेत.

सामुद्रधुनी : आता पिशवीचं तोंड रंगवा. दोन घरांमधला बोळ जसा असतो, तशी ही जागा. दोन्ही बाजूंना जमीन, दोन्ही टोकं उघडी. ही होर्मुझची सामुद्रधुनी. सर्वांत अरुंद जागी ती साधारण 40 किमी आहे. आखातातून बोटीने बाहेर पडायला दुसरी वाटच नाही. म्हणून इथे काही गडबड झाली की तेलाच्या बातम्या येतात.

समुद्र : बोळातून जहाज ओमानच्या आखातात येतं आणि तिथून अरबी समुद्रात. पूर्वेला भारताचा किनारा, पश्चिमेला अरबस्तान आणि आफ्रिका, पण दक्षिणेकडे कुंपण नाही. समुद्र म्हणजे महासागराचाच, जमिनीलगतचा, वेगळं नाव मिळालेला भाग.

चॅनल : पुढे लक्षद्वीपची बेटं ठिपक्यांनी काढा आणि खाली दूर एक ठिपका मिनिकॉयचा. मधली सुमारे 200 किमी रुंद वाट म्हणजे नऊ अंश चॅनल. साधारण 9° उत्तर अक्षांशावर आहे म्हणून हे नाव. हीसुद्धा दोन्ही टोकांना उघडी, पण बोळ नव्हे, रुंद रस्ता.

महासागर : भारत आणि श्रीलंकेमध्ये पाल्कची सामुद्रधुनी आहे. पण त्या बाजूचं पाणी उथळ, रामसेतूपाशी तर फारच. त्यामुळे मोठं जहाज श्रीलंकेला दक्षिणेकडून वळसा घालतं. तिथून सरळ दक्षिणेला बघितलं तर थेट अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. हा हिंदी महासागर.

उपसागर : शेवटी एक उलटा 'U' काढा. तीन बाजूंना जमीन, चौथी बाजू सताड उघडी, जशी घराची ओसरी. हा बंगालचा उपसागर. इथे जहाज चेन्नईला लागतं.

आता मुलं कुठे चुकतात ते बघू.

पहिली चूक आकाराची. "मोठं ते आखात, छोटा तो उपसागर" असं मुलं ठरवून टाकतात. पण बंगालचा उपसागर इराणच्या आखातापेक्षा कितीतरी पट मोठा आहे. फरक दाराचा आहे.

दुसरी चूक 'खाडी' या शब्दाची. हिंदी बातम्यांत 'बंगाल की खाड़ी' म्हणतात, तो आपला उपसागर. 'फारस की खाड़ी' म्हणजे इराणचं आखात. आपली दाभोळची खाडी म्हणजे वाशिष्ठीच्या मुखात शिरलेलं समुद्राचं पाणी. आणि जलतरणपटू पोहून जातात ती इंग्लिश खाडी म्हणजे चक्क चॅनल! तिचाच सर्वांत अरुंद भाग, सुमारे 33 किमीचा, डोव्हरची सामुद्रधुनी म्हणून ओळखला जातो. चॅनल आणि सामुद्रधुनीतला रुंदीचा फरक इथे एकाच चित्रात दिसतो.

एखादं हुशार मूल विचारेल, "सर, ओमानच्या आखाताचं दार तर मोठं दिसतंय?" बरोबर आहे त्याचं. नावं खलाशांनी आधी ठेवली, व्याख्या नंतर आल्या, त्यामुळे थोडे अपवाद राहणारच. असं सरळ सांगून टाका.

शेवटी फळा पुसा. नावं न लिहिता सहा आकृत्या आडव्या-तिरक्या काढा आणि प्रत्येकीची दारं मोजायला सांगा. ओसरी कोणती, खोली कोणती, बोळ कोणता हे ज्याला सांगता आलं, त्याला नकाशात आखातही सापडेल.