एक गाय जास्त झाली तर?

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुका हा भातशेतीचा आणि जंगलाचा मुलूख. पावसाळ्यात बांध्यांमध्ये धान उभे असते. मग गुरे चरायची कोठे? अर्थातच गावच्या सामाईक कुरणात. म्हणजे गवत वाढीला लागते, नेमकी त्याच वेळी त्याच्यावर गुरांची गर्दी होते.

विद्यार्थी मित्रांनो, अशा कुरणाचे एक गणित आपण सोडवू. समजा, गावात 10 घरे आहेत. प्रत्येक घरी 10 गाई, म्हणजे एकूण 100 गाई. कुरण तेवढ्यांना पुरते व प्रत्येक गाय 2 लिटर दूध देते. घरटी 20 लिटर झाले. यापुढे एकेक गाय वाढली की चारा वाटला जाऊन प्रत्येक गाईचे दूध 20 मिलिलिटरने घटते, असे धरू.

आता एका घराने अकरावी गाय आणली. प्रत्येक गाय 1.98 लिटर देऊ लागली. त्या घराला 21.78 लिटर मिळाले, म्हणजे 1.78 लिटरचा फायदा! उरलेल्या नऊ घरांचे मात्र प्रत्येकी 0.2 लिटर, म्हणजे एकूण 1.8 लिटर कमी झाले. फायदा एकाचा, तोटा सर्वांत वाटलेला.

हे पाहून सर्वांनीच एकेक गाय आणली. गाई झाल्या 110, दूध प्रत्येकी 1.8 लिटर. घरटी 19.8 लिटर! गाय वाढली आणि दूध घटले. मग एखाद्याने आपली जादा गाय विकावी का? विकून पाहा. 109 गाई, प्रत्येकी 1.82 लिटर. त्याच्या 10 गाईंचे 18.2 लिटरच होतील. म्हणून एकटा कोणीच मागे हटत नाही.

खऱ्या कुरणात नुकसान याहून खोल जाते. गवत पानांतून अन्न तयार करते. पाने वाढण्याआधीच पुन्हापुन्हा खुडली गेली, तर मुळे दुबळी होतात. मारवेल, पवन्या यांसारखी चांगली गवते हटतात, कुसळी पसरते. गुरे ज्याला तोंड लावत नाहीत तो तरोटा माजला, की कुरण थकले असे ओळखावे.

गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1968 साली या कोंडीला ‘सामाईकाची शोकांतिका’ म्हटले. पण त्याचे कुरण बिननियमाचे होते. सामाईक म्हणजे बेवारस नव्हे, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतील उदाहरणांनी दाखवले. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. वापरणाऱ्यांनीच नियम केले आणि एकमेकांवर नजर ठेवली, तर कुरण टिकते.

नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारने 1990 नंतर हेच केले. डोंगरावर गुरे सोडायची नाहीत, गवत मात्र विळ्याने कापून न्यायचे. विळा मूळ उपटत नाही, आणि कोणी किती भारे नेले हे सर्वांना दिसते.

आता आपल्या गणिताकडे वळा. दहाही घरांनी एकाच दिवशी एकेक गाय विकली, तर प्रत्येकाला किती दूध मिळेल?