पुण्याहून व्हर्जिनियाला २० गिगाबाइट

अ‍ॅमेझॉनच्या ‘एस-थ्री’ या साठवण सेवेतली एखादी बकेट अमेरिकेच्या उत्तर व्हर्जिनियात असते आणि तिच्यात फाइल पाठवणारा पुण्यात असतो. अशा वेळी हटकून एक तक्रार ऐकू येते: इंटरनेट १०० मेगाबिटचे आहे, वेगचाचणीतही १०० दिसतात, पण प्रत्यक्ष अपलोड १५-२० मेगाबिटच्या पुढे सरकत नाही. ही तक्रार बहुधा खरी असते. दोष मात्र इंटरनेट पुरवणाऱ्याचाही नसतो आणि अ‍ॅमेझॉनचाही नसतो. तो अंतराचा असतो.

मुंबई ते व्हर्जिनिया हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी सुमारे १३,००० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन परत यायला किमान १३० मिलिसेकंद लागणारच. केबल सरळ रेषेत टाकलेली नसते; नेहमीची एक वाट अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, युरोप आणि मग अटलांटिक अशी आहे. त्यामुळे प्रत्यक्षात ही फेरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास जाते. तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या, तसे २०२४ आणि २०२५ मध्ये घडले, की वाहतूक आणखी लांबच्या वाटेने वळते आणि फेरीचा वेळ वाढतो.

फेरीला २०० मिलिसेकंद लागले म्हणून वेग का कमी व्हावा, हा प्रश्न साहजिक आहे. नळ लांब असला तरी एकदा पाणी सुरू झाल्यावर धार तेवढीच पडते. पण इंटरनेटवरचे कनेक्शन नळासारखे चालत नाही. त्याचे काम पोचपावतीवर चालते. टीसीपी ही पद्धत फाइलचे सुमारे दीड हजार बाइटचे तुकडे, म्हणजे पॅकेट, करून पाठवते आणि पलीकडून प्रत्येकाची पोच मागते. पोच न आलेली किती पॅकेटे एका वेळी वाटेत असू द्यायची, याची एक मर्यादा पाठवणारा संगणक स्वतःवर घालून घेतो. तिला विंडो म्हणतात. २०० मिलिसेकंदांच्या वाटेवर १०० मेगाबिटचा पूर्ण वेग हवा असेल, तर एका वेळी सुमारे १,७०० पॅकेटे वाटेत असावी लागतात. वाट १० मिलिसेकंदांची असेल तर ८५ पुरतात.

मोठी विंडो आज कोणत्याही संगणकाला झेपते. अडचण येते ती पॅकेट हरवल्यावर. लिनक्स आणि विंडोज दोन्हींत आज सर्रास वापरली जाणारी ‘क्युबिक’ ही रीत एक पॅकेट गहाळ झाले की वाटेवर गर्दी आहे असे समजून विंडो ३० टक्क्यांनी कमी करते आणि मग हळूहळू पूर्ववत नेते. १० मिलिसेकंदांच्या वाटेवर हे पूर्ववत होणे अर्ध्या सेकंदात उरकते. २०० मिलिसेकंदांच्या वाटेवर १,७०० पॅकेटांच्या विंडोला त्यासाठी सुमारे ११ सेकंद लागतात.

आता समजा, दहा हजारांत एक पॅकेट हरवते. हे प्रमाण मुळीच वाईट नाही. सार्वजनिक इंटरनेटवर त्याहून जास्त नुकसान सहज होते. १०० मेगाबिटच्या वेगाने सेकंदाला साडेआठ हजार पॅकेटे जातात, म्हणजे दर सव्वा सेकंदाला एक हरवणार. जवळच्या वाटेवर तोवर वेग सावरलेला असतो. लांबच्या वाटेवर अकरा सेकंदांची चढण अर्धीही झालेली नसते आणि पुढचा धक्का बसतो. धक्के खात खात वेग खाली येतो आणि जिथे दोन धक्क्यांमधला वेळ आणि सावरायला लागणारा वेळ जुळतात तिथे स्थिरावतो. क्युबिकच्या सूत्राने तो आकडा सुमारे १८ मेगाबिट येतो. पुण्यातल्या माणसाला दिसणारा आकडा हाच. वेगचाचणी १०० दाखवते, कारण तिचा सर्व्हर पुण्यात किंवा मुंबईत असतो आणि ती बहुधा एकाच वेळी अनेक कनेक्शने उघडते.

या निदानातूनच पहिला उपाय निघतो. १८ मेगाबिटची मर्यादा एका कनेक्शनची आहे, तारेची नाही. एकाच वेळी सहा कनेक्शने उघडली तर प्रत्येकाची विंडो वेगळी असते. एकाचे पॅकेट हरवले तर त्या एकाचीच विंडो घटते, बाकीची पाच चालू राहतात. सहा अठरे एकशेआठ, म्हणजे तार भरली. समजा, पुण्यातल्या एखाद्या संकलकाला माहितीपटाचे २० गिगाबाइटचे चित्रीकरण पाठवायचे आहे. एका कनेक्शनने त्याला जवळजवळ अडीच तास लागतील आणि तार भरली तर सुमारे २७ मिनिटे.

एकच फाइल अनेक कनेक्शनांवर वाटायची तर तिचे भाग पाडावे लागतात. एस-थ्रीमध्ये ही सोय २०१० पासून आहे. तिला मल्टिपार्ट अपलोड म्हणतात. आधी अपलोड सुरू केल्याची नोंद होते, मग भाग हवे त्या क्रमाने जातात आणि शेवटी ते जोडण्याचा आदेश दिला जातो. शेवटचा सोडून प्रत्येक भाग किमान ५ मेगाबाइटचा लागतो आणि भागांची संख्या १०,००० च्या पुढे जाऊ शकत नाही. अ‍ॅमेझॉनचे आदेश-ओळीचे साधन हे आपणहून करते. मुळात ते ८ मेगाबाइटचे भाग पाडते आणि एका वेळी दहा विनंत्या चालवते. बऱ्याच जणांना म्हणूनच वेगळे काही करावे लागत नाही. गैरसोय होते ती एका विनंतीत फाइल पाठवणारा स्वतःचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांची. या दोन्ही संख्या बदलता येतात:

```
aws configure set default.s3.max_concurrent_requests 20
aws configure set default.s3.multipart_chunksize 32MB
```

भाग मोठा करण्याला कारण आहे. प्रत्येक भाग संपल्यावर त्याची पोच येईपर्यंत ते कनेक्शन एक फेरी रिकामे बसते. शिवाय नवे कनेक्शन दहा पॅकेटांपासून सुरू होऊन दर फेरीला दुप्पट होत जाते. ८ मेगाबाइटचा भाग दर वेळी नव्या कनेक्शनवर पाठवला तर बहुतेक वेळ या चढणीतच जातो. ३२ मेगाबाइटच्या भागांत २० गिगाबाइटचे सव्वासहाशेच्या आसपास तुकडे होतात आणि ही वाया जाणारी मिनिटे वाचतात. फार मोठा भागही बरा नाही, कारण मध्येच कनेक्शन तुटले तर तो भाग पहिल्यापासून पाठवावा लागतो.

किती कनेक्शने पुरे, हे प्रयोगानेच ठरते. एकाच फाइलवर १, २, ४, ८, १६ असे करून एकूण वेग लिहून ठेवावा. वेग दुपटीने वाढत असेल तर अडचण अंतराची होती. वाढ थांबली की तार भरली. त्यानंतरची कनेक्शने एकमेकांचीच पॅकेटे पाडतात, घरातल्या इतरांचे व्हिडिओ कॉल अडखळू लागतात आणि काही भाग वेळेत न पोचल्याने ‘RequestTimeout’ अशी चूक दिसते. मुळात तारच २० मेगाबिटची असेल तर एक कनेक्शनही ती जवळजवळ भरते. तिथे सोळा उघडून हाती काही लागत नाही.

मल्टिपार्टची एक छुपी किंमत आहे. अपलोड अर्ध्यावर सोडले तर पोचलेले भाग बकेटमध्ये राहतात. ते फाइलींच्या यादीत दिसत नाहीत, पण त्यांचे साठवणभाडे चालूच असते. बिल वाढल्यावर लोक भलतीकडे शोधत बसतात. `aws s3api list-multipart-uploads` हा आदेश अशी अर्धवट अपलोडे दाखवतो आणि ठरावीक दिवसांनी ती आपोआप पुसण्याचा नियम बकेटवर लावता येतो. तो पहिल्याच दिवशी लावलेला बरा.

दुसरा उपाय वाटच तोडून आखूड करण्याचा. २०१६ पासून मिळणाऱ्या ट्रान्सफर अ‍ॅक्सलरेशनमध्ये पाठवणाऱ्याचे कनेक्शन व्हर्जिनियापर्यंत जात नाही. ते अ‍ॅमेझॉनच्या जवळच्या एज लोकेशनवर, इथे बहुधा मुंबईत, संपते. पुणे-मुंबई फेरी दहाएक मिलिसेकंदांची. पॅकेटे हरवण्याची शक्यता जास्त असते ती घरच्या वाय-फायवर आणि स्थानिक पुरवठादाराच्या जाळ्यात, म्हणजे याच आखूड टप्प्यात. आता ते नुकसान अर्ध्या सेकंदात भरून निघते. पुढचे हजारो किलोमीटर माल अ‍ॅमेझॉनच्या खासगी जाळ्यातून जातो. हे अंतरही तेवढेच लांब आहे, पण तिथे गळती फार कमी असते. प्रकाशाचा वेग कोणीच वाढवलेला नाही. फक्त गळकी वाट लांबच्या वाटेपासून वेगळी काढली आहे.

त्यासाठी बकेटवर ही सोय चालू करावी लागते आणि नेहमीच्या पत्त्याऐवजी `s3-accelerate.amazonaws.com` ने संपणारा पत्ता वापरावा लागतो. पुष्कळदा सोय चालू होते, पण प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर पाठवत राहतो आणि मग ‘काहीच फरक पडला नाही’ असा निष्कर्ष निघतो. चालू केल्यावर परिणाम दिसायला वीस मिनिटांपर्यंत लागू शकतात. बकेटच्या नावात टिंब असेल तर ही सोय मिळतच नाही.

ती फुकटही नाही. एस-थ्रीमध्ये इंटरनेटवरून माल आत आणायला एरवी पैसे पडत नाहीत. अ‍ॅक्सलरेशनसाठी मात्र अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या एज लोकेशनवरून गिगाबाइटमागे चार सेंट आणि भारतासह इतर ठिकाणांहून आठ सेंट असा दर आहे. वरच्या २० गिगाबाइटला १ डॉलर ६० सेंट पडतील. सहा कनेक्शनांनी तार आधीच भरत असेल तर हे पैसे वाया जातील, कारण २७ मिनिटांपेक्षा कमी वेळ लागणे शक्यच नाही. वेगात फायदा होत नाही असे अ‍ॅमेझॉनच्या यंत्रणेला दिसले तर ती त्या अपलोडचा हा आकार लावत नाही, पण त्या भरवशावर राहण्यापेक्षा अ‍ॅमेझॉनचेच वेगतुलनेचे पान आपल्या जागेवरून उघडून पाहणे सोपे.

अ‍ॅक्सलरेशन शोभते ते पाठवणारा आपल्या हातात नसतो तिथे. एखाद्या अ‍ॅपचे वापरकर्ते नाशिक, नैरोबी आणि साओ पाउलोहून मोबाइलवरून एकाच बकेटमध्ये व्हिडिओ टाकत असतील, तर त्यांच्या फोनवर वीस कनेक्शने लादता येत नाहीत. पत्ता मात्र बदलता येतो. दोन्ही उपाय एकत्रही चालतात.

हजारो छोट्या फाइलींचे गणित वेगळे. १०० किलोबाइटच्या फोटोचे भाग पाडण्यात अर्थ नाही. त्याचा वेळ जातो कनेक्शन जुळवण्याच्या आणि पोच मिळण्याच्या चार-सहा फेऱ्यांत, म्हणजे सेकंदभर. दहा हजार फोटो एकामागून एक पाठवले तर यातच पावणेतीन तास जातात. तिथे कनेक्शन न तोडता वापरणे, अनेक फोटो एकाच वेळी पाठवणे किंवा सगळ्यांची एक गठडी बांधून ती पाठवणे, हेच इलाज.

स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवरून पाठवणाऱ्याला आणखी एक वाट आहे. क्युबिकऐवजी गूगलने २०१६ मध्ये मांडलेली ‘बीबीआर’ ही रीत चालू केली तर एकदोन पॅकेटे हरवल्यावर वेग पडत नाही, कारण ती हरवण्यापेक्षा मोजलेल्या वेगावर आणि फेरीच्या वेळेवर विसंबते. आणि माल व्हर्जिनियातच हवा अशी अट नसेल तर बकेट मुंबईत काढावी. अ‍ॅमेझॉनचे मुंबई रीजन जून २०१६ पासून सुरू आहे. तिथून व्हर्जिनियाला प्रत लागलीच तर रीजनांमधली आपोआप नक्कल लावता येते. तिचे वेगळे पैसे पडतात, पण पाठवणाऱ्याला ताटकळत बसावे लागत नाही.