प्रत्येक स्लाइडला परतीची वाट

दिवाळीत आमच्या भागातल्या वाचनालयात मुलांनी केलेल्या मातीच्या किल्ल्यांचं प्रदर्शन भरतं. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले होते, म्हणून त्या दिवाळीला मातीच्या किल्ल्यांशेजारी या १२ किल्ल्यांची माहिती दाखवणारा एक टचस्क्रीन ठेवायचं ठरलं. माहिती पॉवरपॉइंटमध्ये तयार होतीच. एकेका किल्ल्याच्या तीन स्लाइड होत्या: पहिलीवर नकाशा आणि जागा, दुसरीवर इतिहास, तिसरीवर गडावर आज काय पाहायला मिळतं ते. मी त्याच्या पुढे किल्ल्यांच्या नावांची यादी जोडली आणि प्रत्येक नावाला त्या किल्ल्याच्या स्लाइडचा दुवा दिला. काम झालं असं मला वाटलं.

पहिल्याच दिवशी एका मुलीने यादीतून शिवनेरी निवडला. तिने तीन स्लाइड पाहिल्या आणि शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं, तर समोर लोहगड आला. तिला वाटलं हाही शिवनेरीचाच भाग. तिने लोहगडाचा नकाशा शिवनेरीचा समजून मैत्रिणीला दाखवला. यादीकडे परत जायचं कसं, हे तिला कळायला मार्गच नव्हता, कारण मी तो ठेवलाच नव्हता.

ही चूक नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण पडद्यावर दिसणारी यादी आणि पॉवरपॉइंटच्या आतली रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत स्लाइड एकापाठोपाठ एक अशाच लावलेल्या असतात. दुवा तुम्हाला हव्या त्या स्लाइडवर नेऊन सोडतो, पण तिथे पोचल्यावर मूळ क्रम पुन्हा सुरू होतो. कुठेही मोकळ्या जागेवर क्लिक केलं की क्रमातली पुढची स्लाइड येते. माझ्या मांडणीत शिवनेरीच्या शेवटच्या स्लाइडनंतर लोहगडाची पहिली स्लाइड होती, म्हणून लोहगड आला. मेनूसारखी चालणारी स्लाइडमाला करायची तर दुवे जोडणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं काम म्हणजे हा आतला रस्ता बंद करणं आणि प्रत्येक स्लाइडवरून परतीची वाट ठेवणं.

या क्रमाला इतिहास आहे. १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी दोन प्रोग्रॅम बाजारात आले. पॉवरपॉइंट हा त्यातला एक. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक शीट तयार करायला तो बनवला होता. वक्ता एक शीट उचलणार आणि दुसरी ठेवणार, म्हणून क्रम हाच त्याचा पाया. दुसरा होता ॲपलच्या बिल ॲटकिन्सन यांचा हायपरकार्ड. त्यात कार्डांची चळत असायची, कार्डावर बटणं असायची आणि बटण दाबलं की हवं ते कार्ड समोर यायचं. आपण आज पॉवरपॉइंटमध्ये मेनू करतो, तेव्हा पहिल्याकडून दुसऱ्याचं काम करून घेत असतो. म्हणूनच त्याच्या सवयी आधी मोडाव्या लागतात.

दुसऱ्या दिवशी सगळं मोडून मी पुन्हा मांडलं. सुरुवात कागदावर केली. १२ नावं एका पडद्यावर दाटी करत होती, म्हणून दोन गट पाडले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा आणि तमिळनाडूतला जिंजी हे आठ डोंगरी किल्ले. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी. पहिली स्लाइड मुखपृष्ठाची, तिच्यावर दोनच मोठी बटणं. दुसरी स्लाइड डोंगरी किल्ल्यांच्या यादीची, तिसरी सागरी किल्ल्यांच्या यादीची. त्यानंतर १२ किल्ल्यांच्या ३६ स्लाइड. एकूण ३९. कोणताही किल्ला मुखपृष्ठापासून दोन बोटांच्या अंतरावर आला.

दुवा देण्याची कृती सोपी आहे. Insert मधल्या Shapes मधून एक आयत काढायचा, त्यात ‘रायगड’ लिहायचं, आयत निवडलेला असताना `Ctrl+K` दाबायचं, `Place in This Document` वर जायचं आणि रायगडाची पहिली स्लाइड निवडायची. इथे लक्ष ठेवायचं ते दुवा कशाला दिला जातोय याकडे. अक्षरं निवडून दुवा दिला, तर ती रंग बदलतात, खाली रेघ येते आणि बोट नेमकं अक्षरांवर पडावं लागतं. आकाराला दुवा दिला, तर अक्षरं होती तशीच राहतात आणि अख्खा आयत दाबता येतो. नकाशावरच्या ठिपक्याला दुवा द्यायचा असेल, तर त्यावर एक मोठं वर्तुळ ठेवून ते अदृश्य करावं. मात्र त्यासाठी `No Fill` निवडू नये. रंग ठेवून त्याची पारदर्शकता १०० टक्के करावी. रंगच नसलेल्या आकाराचा आतला भाग पोकळ समजला जातो आणि त्यावरचं क्लिक आरपार जातं.

मग आली परतीची बटणं. किल्ल्याच्या प्रत्येक स्लाइडवर मला दोन हवी होती: एक त्या गटाच्या यादीकडे नेणारं, दुसरं मुखपृष्ठाकडे. ३६ स्लाइडना दोन म्हणजे ७२ दुवे. हाताने दिले तर एखादा चुकणारच. त्याऐवजी View मधल्या `Slide Master` मध्ये जाऊन मी दोन साचे केले, एक डोंगरी किल्ल्यांसाठी, एक सागरी किल्ल्यांसाठी. प्रत्येक साच्यावर दोन बटणं. चार दुव्यांत काम भागलं. साच्यावरचं बटण त्या साच्यातल्या सगळ्या स्लाइडवर त्याच जागी दिसतं आणि चालतं, त्यामुळे बघणाऱ्याच्या हाताला जागेची सवय होते.

साच्याची एक मर्यादा मात्र कामात अडवते. साच्यावरच्या वस्तू नेहमी स्लाइडवरच्या वस्तूंच्या खाली असतात. सिंधुदुर्गाचा फोटो मी पडदाभर पसरवला आणि बटणं त्याखाली गेली. फोटो आवरून खाली एक पट्टी मोकळी सोडली, तेव्हा ती परत दिसली. स्लाइडवर कोण कोणाच्या वर आहे ते `Alt+F10` दाबून उघडणाऱ्या `Selection Pane` मध्ये कळतं. मात्र त्यात फक्त स्लाइडवरच्या वस्तू दिसतात, साच्यावरच्या नाहीत.

एका किल्ल्याच्या तीन स्लाइडमध्ये पुढे-मागे जायची बटणंही लागतात. इथे `Place in This Document` मधून ठरावीक स्लाइडचा दुवा देणं धोक्याचं, आणि त्याचं कारण नक्कल करताना उघडं पडतं. रायगडाच्या तीन स्लाइड मनासारख्या जमल्या की आपण त्यांची नक्कल करून राजगड तयार करतो. नकलेतलं बटण मात्र अजूनही रायगडाच्याच दुसऱ्या स्लाइडकडे बोट दाखवत असतं. दिसायला सगळं बरोबर असतं, राजगड वाचणारा माणूस मात्र नकळत रायगडात शिरतो. म्हणून ही बटणं Insert मधल्या `Action` मधून करावीत आणि तिथे `Next Slide` व `Previous Slide` निवडावं. यात ‘अमुक स्लाइड’ असा पत्ता नसतो, ‘माझ्या शेजारची’ एवढंच असतं, त्यामुळे नक्कल केल्यावरही ती बरोबर चालतात. तिसऱ्या स्लाइडवर ‘पुढे’ ठेवायचं नाही, पहिलीवर ‘मागे’ ठेवायचं नाही. किल्ल्याची हद्द तिथे संपते.

त्याच यादीत `Last Slide Viewed` असाही पर्याय आहे. ‘परत’ बटणासाठी तो मोहात पाडतो. पण तो आधी पाहिलेल्या स्लाइडकडे नेतो, ती कुठलीही असो. एकाच जागचं बटण कधी यादीकडे, कधी दुसरीकडे नेऊ लागलं, की माणूस त्या बटणावर विसंबत नाही. मी तो वापरला नाही.

आता उरला आतला रस्ता. Transitions मध्ये Advance Slide खाली `On Mouse Click` ची खूण काढली, तर मोकळ्या जागेवरच्या क्लिकने स्लाइड बदलत नाही. पण कीबोर्डवरचे बाण आणि स्पेसबार चालूच राहतात. माणूस स्वतः बोलत असेल, तर हे सोयीचं. यंत्र एकटं ठेवायचं असेल, तर Slide Show मधल्या `Set Up Slide Show` मध्ये जाऊन `Browsed at a kiosk (full screen)` निवडावं. मग मोकळं क्लिक आणि बाण दोन्ही निकामी होतात, फक्त तुम्ही दिलेली बटणं चालतात. `Esc` दाबलं तर मात्र सादरीकरण बंद होतं, म्हणून आम्ही कीबोर्ड काढून ठेवला.

कियोस्क पद्धतीत दोन गोष्टी तपासाव्या लागतात. Transitions मध्ये `After` पुढे खूण राहिली असेल, तर तेवढ्या सेकंदांनी स्लाइड आपोआप सरकते आणि बंद केलेला रस्ता मागच्या दाराने उघडतो. आणि क्लिक केल्यावर एकेक ओळ यावी असं ॲनिमेशन दिलं असेल, तर ते क्लिक आता पोचतच नाही, त्या ओळी कधीच दिसत नाहीत. प्रतापगडाच्या स्लाइडवर १६५९ची अफजलखान भेट अशीच गायब झाली होती. ॲनिमेशन काढून टाकलं तेव्हा ती दिसली.

शेवटी तपासणी. किल्ल्याच्या तीन स्लाइडवर मिळून १० बटणं, १२ किल्ल्यांची १२०. दोन याद्यांवर मुखपृष्ठाच्या बटणासह नऊ आणि पाच, मुखपृष्ठावर दोन. एकूण १३६. कागदावर रेघा ओढून एकेक बटण दाबलं आणि कुठे पोचलो ते लिहिलं. तीन चुका सापडल्या. त्यातली एक अशी होती की मी एक जुनी स्लाइड काढून नवी घातली होती आणि यादीतलं बटण अजून जुन्या स्लाइडच्या भरवशावर होतं. स्लाइड नुसती मागेपुढे हलवली तर दुवा तिच्याबरोबर जातो, स्लाइड पुसली तर दुवा अनाथ होतो. म्हणून स्लाइड पुसण्यापेक्षा तिच्यातला मजकूर बदलावा.

पॉवरपॉइंट २०१९ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत Insert मध्ये `Zoom` आहे. त्यातला `Section Zoom` एक विभाग संपला की आपोआप यादीवर परत आणतो. बोलणाऱ्या माणसाला त्याने बरीच मेहनत वाचते. वाचनालयातला संगणक जुना होता, म्हणून आम्ही बटणांवरच राहिलो.

तिसऱ्या दिवशी तीच मुलगी परत आली. तिने शिवनेरी उघडला, तिसऱ्या स्लाइडवरच्या फोटोवर बोट ठेवलं. काहीच झालं नाही. तिने खाली पाहिलं, यादीचं बटण दाबलं आणि लोहगड स्वतः निवडला.