फोटो कागदावर उतरताना – भाग ६ : पाटी ठेवायची की चपला?

मोठा प्रिंट काढायचा तर फाइलमध्ये किती पिक्सेल हवेत, ते आपण मागच्या भागात पाहिलं. पण पिक्सेल हवे तेवढे असूनही प्रिंट हातात पडतो तेव्हा कडेच्या मामांचा खांदा गायब झालेला असतो, नाहीतर पुढे बसलेल्या मुलांचे पाय. दुकानदार म्हणतो, ‘मशीननं कापलं.’ तो खोटं बोलत नाही, पण मशीननं तेवढंच का कापलं आणि तिथेच का कापलं, हे काही तो सांगत बसत नाही.

एक फोटो डोळ्यांसमोर आणा. सकाळची वेळ, स्वारगेट एसटी स्थानक. लग्नाला निघालेली घरची दहा-बारा माणसं साताऱ्याच्या विनाथांबा गाडीसमोर ओळीनं उभी आहेत. फोन आडवा धरून फोटो काढलाय. वर गाडीच्या कपाळावरची ‘स्वारगेट–सातारा’ ही पाटी, खाली सगळ्यांच्या चपला-बूट आणि थोडी जमीन. ओळ इतकी लांब की दोन्ही टोकांची माणसं जवळजवळ फोटोच्या कडेला टेकली आहेत.

बहुतेक फोनचा मूळ फोटो चारास तीन या प्रमाणात असतो. रुंदी चार भाग, तर उंची तीन. दुकानात सर्वांत जास्त खपणारा कागद मात्र चार बाय सहा इंचांचा, म्हणजे तीनास दोन. आता हा फोटो सहा इंच रुंद करून पाहा. उंची साडेचार इंच भरते आणि कागद चारच इंच उंच आहे. अर्धा इंच, म्हणजे सुमारे तेरा मिलिमीटर, कुठेतरी जाणारच. फोटोच्या उंचीचा हा नववा हिस्सा झाला. मशीनला कुणी काही सांगितलं नाही, तर ते फोटोचा मध्य धरतं आणि वरून साडेसहा, खालून साडेसहा मिलिमीटर उडवतं. वर पाटीची अक्षरं अर्धी होतात आणि खाली जमिनीची पट्टी अगदी अरुंद होते.

गंमत पुढे आहे. हाच फोटो भिंतीवर लावायला आठ बाय दहाच्या कागदावर द्या. उंची आठ इंच धरली की रुंदी पावणेअकरा इंचांच्या जरा आत येते, आणि कागद दहाच इंच रुंद. आता पाटी शाबूत, बूट शाबूत, पण डावी-उजवीकडून मिळून सतरा मिलिमीटर जातात. म्हणजे टोकाच्या दोघांचे खांदे गेले. फोटो तोच असून एका कागदानं वर-खाली कापलं आणि दुसऱ्यानं बाजूंनी, कारण फोनच्या फोटोचं प्रमाण या दोन कागदांच्या मधे येतं. चार बाय सहा त्याच्यापेक्षा लांबोडा आहे, आठ बाय दहा त्याच्यापेक्षा चौकोनाकडे झुकलेला. म्हणून कुठली कड जाणार हे कागद निवडतानाच ठरून जातं. ओळीत उभ्या असलेल्या माणसांना आठ बाय दहा सोसत नाही. उभा धरून काढलेल्या फोटोत हेच उलटं होतं. तिथे चार बाय सहा बाजू खातो आणि आठ बाय दहा डोकं-पाय.

ही मापं एकमेकांशी जुळत नाहीत, कारण ती एका घरातली नाहीत. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यानं पस्तीस एमएमच्या रोलवर ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट रूढ केली. चार बाय सहाचा कागद तिला तंतोतंत बसतो, आणि आजच्या बहुतेक डीएसएलआरची चौकटही त्याच प्रमाणाची आहे. आठ बाय दहा हे त्याहून जुन्या, सुट्या काचांवर आणि फिल्मच्या पानांवर फोटो काढणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांचं माप. चारास तीन आलं सिनेमाच्या आणि टीव्हीच्या जुन्या पडद्याकडून. म्हणून डीएसएलआरचा फोटो चार बाय सहावर काही गमावत नाही, पण आठ बाय दहावर लांबीचा सहावा हिस्सा गमावतो.

आता परत आपल्या एसटीसमोर. चार बाय सहाच हवा असेल, तर काप मध्यावर न ठेवता सरकवता येतो. प्रिंटच्या मापात मोजू. पाटीच्या वर पाच मिलिमीटर मोकळे आहेत आणि बुटांच्या खाली जमीन दहा मिलिमीटर. मोकळी जागा एकूण पंधरा, कापायचे तेरा. जमतंय असं वाटतं, पण उरतात दोनच, आणि इथे मशीनची आणखी एक खोड आड येते. कडेला पांढरी रेघ दिसू नये म्हणून मशीन फोटो कागदापेक्षा किंचित मोठा छापतं. हा वाढावा मशीनगणिक कमी-जास्त असतो, तरी प्रत्येक कडेला दोन मिलिमीटर धरून चालावं. म्हणजे आपल्याला चार हवे होते आणि आहेत दोन. पाटीची वरची कड किंवा बुटांची टोकं, एक काहीतरी जाणार.

अशा वेळी दोन्ही वाचवण्याची ओढाताण करू नये, असं माझं मत आहे. बुटांची नुसती टोकं गेली तर ती चूक दिसते. घोट्यावर किंवा गुडघ्यावर कापलं तर त्याहून वाईट, माणूस तिथे तुटल्यासारखा वाटतो. कापायचंच तर पोटरीच्या मध्यावर किंवा मांडीवर कापावं. पण खालून तेरापेक्षा जास्त घेतलं की प्रमाण राखायला बाजूंनीही घ्यावं लागतं, आणि आपल्या टोकाच्या माणसांना तेवढी जागाच नाही. म्हणून या फोटोला दोनच वाटा उरतात. एक, सहा बाय आठचा कागद. त्याचं प्रमाण चारास तीनच असल्यामुळे वाढाव्यापलीकडे काही जात नाही. दुसरी वाट, चार बाय सहावरच पूर्ण फोटो आणि डावी-उजवीकडे साधारण साडेआठ मिलिमीटरच्या पांढऱ्या पट्ट्या. अल्बममध्ये त्या वाईट दिसत नाहीत, नकोशा वाटल्या तर घरी पट्टी धरून कापता येतात.

मात्र ‘काही कापू नका, पूर्ण बसवा’ एवढंच सांगितलंत, तर घाईतला माणूस फोटो ताणून बसवू शकतो. चारास तीनचा फोटो तीनास दोनमध्ये ताणला की सगळे साडेबारा टक्के रुंद होतात. चेहऱ्यावरून ते पटकन कळत नाही, लग्नाचं जेवण अंगी लागलं असं वाटतं. गोल वस्तू पाहा. एसटीचे पुढचे दिवे किंवा कुणाच्या कपाळावरची मोठी टिकली लंबगोल दिसली, की फोटो ताणलाय. ‘पांढरी कड ठेवून पूर्ण’ असे शब्द वापरले की घोळ टळतो.

खात्रीचा उपाय म्हणजे काप घरीच करून नेणं. फोनच्या फोटो-संपादनात क्रॉपचं प्रमाण ३:२ असं पक्कं करता येतं. ती चौकट बोटानं वर-खाली सरकवून हवी तिथे ठेवा, चारही कडांना वाढाव्यापुरती जागा सोडा आणि मूळ फोटोला हात न लावता वेगळी प्रत जतन करा. उद्या आठ बाय दहा हवा झाला, तर तो मूळ फोटोतूनच कापायचा, या कापलेल्या प्रतीतून नाही. नाहीतर वरची-खालची कड आधीच गेलेली असते आणि आता बाजूंच्याही जातात.

फ्रेम करणार असाल तर आणखी एक हिशेब आहे. फ्रेमच्या लाकडाची आतली कड फोटोवर चढून बसते आणि चारही बाजूंनी काही मिलिमीटर झाकते. म्हणून प्रिंट द्यायच्या आधी फ्रेम उलटी करून ही कड मोजून घ्या, आणि काप ठरवताना तेवढी जागा वाढाव्याच्या वर धरा.