काटा खोटा की वजन?

मुक्ताईनगरच्या बाजारात भरताची वांगी मापात कमी भरल्याची तक्रार आली, असे समजा. वैधमापन निरीक्षक विक्रेत्याचा तराजू आधी रिकामा धरतात. दांडी सरळ राहते. मग एका पारड्यात विक्रेत्याचे एक किलोचे वजन, दुसऱ्यात प्रमाणित वजन ठेवतात. प्रमाणित वजनाचे पारडे खाली जाते. आता वजनांची अदलाबदल होते. तेच पारडे पुन्हा झुकले असते, तर दांडीच्या भुजा असमान ठरल्या असत्या. पण झुकाव प्रमाणित वजनामागे जातो. म्हणजे काटा खरा, वजन हलके. हलक्या बाजूला २० ग्रॅम ठेवताच दांडी सरळ होते. वजन उलटे केल्यावर कारण दिसते: खाचेतले, पडताळणीचा शिक्का असलेले शिसे गळून पडले आहे. दुरुस्ती आणि फेरपडताळणी होईपर्यंत ते वजन वापरता येत नाही.