क्रेट धुण्याची पाटी सोप्या मराठीत

आपल्या पॅकहाउसमधल्या पाटीवर इंग्रजीचं मराठी करून लिहिलं होतं: "क्रेट स्वच्छ व निर्जंतुक करावेत, १०० पीपीएम." कामावरच्या ताई चिखलाच्या क्रेटवर थेट क्लोरीनचं पाणी ओतायच्या. चूक त्यांची नव्हती. दोन वेगळी कामं एका ओळीत आली होती, आणि पीपीएम कुणी मापात सांगितलं नव्हतं. माती असली की क्लोरीन तिच्यातच संपतं, जंतू तसेच राहतात.

आता पाटी अशी आहे:

१) माती-पाला ब्रश आणि साबणाच्या पाण्याने घासून काढा.
२) साध्या पाण्याने धुवा. फेस राहू देऊ नका.
३) टाकीत खुणेपर्यंत १०० लिटर पाणी भरा. त्यात ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट २०० मिली टाका. क्रेट २ मिनिटं पूर्ण बुडवा.
४) पालथा ठेवून वाळवा. फडक्याने पुसू नका, फडक्यातले जंतू परत लागतात.

क्लोरीनची पट्टी बुडवून रंग १०० च्या खुणेशी जुळवा. फिका दिसला तर पाणी बदला. कॅनवर १० टक्के लिहिलं असेल तर १०० मिलीच टाका. यात ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

पाटी जमली का ते असं बघा: नवीन माणसाला फक्त वाचून काम करायला सांगा. तो जिथे थांबून विचारेल, तीच ओळ बदला.